प्रतिसाद: ईसी निम्मा का येतो?

> "माझ्या मीटरवर मातीचा ईसी ०.३ आला, प्रयोगशाळेच्या अहवालात ०.६. मीटर बिघडलाय का?"

ईसी म्हणजे मातीतले क्षार विरघळल्यावर पाण्याची विद्युतवाहकता. आधी सांगा, पाणी किती घेतलं? २० ग्रॅम मातीत १०० मिली घातलं असेल, तर प्रमाण १:५ झालं. आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळा १:२.५ घेतात, म्हणजे ५० मिली. क्षार तेवढेच, पाणी दुप्पट, म्हणून आकडा साधारण निम्मा. जिप्सम असेल तर मात्र नेमका निम्मा येत नाही, कारण जास्त पाण्यात ते आणखी विरघळतं.

वाळवून चाळलेली माती ५० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळा, गढूळ असतानाच पीएच घ्या. ईसीसाठी चंचुपात्र रात्रभर हलवू नका. काळी माती लवकर बसत नाही. वरचं पाणी नितळ झाल्यावरच इलेक्ट्रोड बुडवा, तळाला टेकवू नका.