मदत हवी आहे: शोकसभेत शोकसंदेश कसे वाचावेत?

रविवारी आमच्या मुख्याध्यापक सरांची शोकसभा आहे. आलेले संदेश मी वाचणार आहे. 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढंच लिहिलेल्यांची फक्त नावं घेईन. पण एका माजी विद्यार्थ्याने लिहिलंय, 'सरांनी माझी परीक्षा फी गुपचूप भरली होती.' असे मोजकेच पूर्ण वाचायचे आहेत: आधी नाव, मग मजकूर, थोडं थांबून पुढचा. मोबाईल चाळावा लागू नये म्हणून कागदावर मोठ्या अक्षरात उतरवतेय. मागे बासरी वगैरे नकोच, घरची माणसं समोर बसलेली असतात.

अडचण अशी की 'माझी', 'मला' असलेली वाक्यं वाचताना माझा आवाज आपोआप नाटकी होतो. ती जशीच्या तशी वाचावीत, की 'ते लिहितात, सरांनी त्यांची फी भरली होती' असं सांगावं? आणि पुढाऱ्यांच्या लांबलचक पत्रातलं काय गाळलेलं चालतं?