मदत हवी आहे: ग्राहकाच्या लेजरची बाकी आमच्याशी जुळत नाही, खातेउतारा कसा पाठवू?

भोसरी_अकाउंट्स
नमस्कार मंडळी. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीनिंग वर्कशॉपचे हिशेब बघते. भागीदारी फर्म आहे. चाकणच्या एका कंपनीचं जॉबवर्क आम्ही वर्षानुवर्षं करतो. कास्टिंग त्यांचं, मशीनिंग आमचं.

31 मार्च 2025 ला आमच्या टॅलीत त्यांच्याकडून येणं 3,84,620 रुपये दिसतं. त्यांच्या अकाउंट्समधले साहेब फोनवर म्हणाले, "आमच्याकडे तुमचे 3,11,200 आहेत, तेवढेच कन्फर्म करून पाठवा." फरक 73,420 चा. आमचे सीए म्हणतात, न जुळवता सही करायची नाही. संबंध चांगले आहेत, पत्रातून भांडणाचा सूर जायला नको. उताऱ्यात काय काय द्यायचं आणि पत्र कसं लिहायचं? मे संपायच्या आत हे लावायचं आहे.

हळदवाला_सांगली
ताई, 45 दिवस उलटून गेले असतील तर सरळ एमएसएमई समाधान पोर्टलवर तक्रार टाका. उद्यम नोंदणी आहे ना? माझ्या एका पार्टीने दोन वर्षं झुलवलं होतं. दर वेळी "हिशेब बघतो" एवढंच. तक्रार गेल्यावर पैसे आले.

भोसरी_अकाउंट्स
दादा, पैसे ते वेळेवर देतात. वसुलीची अडचण नाही, आकडा जुळत नाही एवढंच.

खतावणी
मग पहिली गोष्ट, उतारा आणि तगादा एका पत्रात घालू नका. "त्वरित भरणा करावा" असं एक वाक्य दिसलं की ते पत्र पेमेंटवाल्याच्या टेबलावर जातं आणि जुळवणी तिथेच राहते.

दुसरी गोष्ट, फक्त शेवटची बाकी पाठवून उपयोग नाही. 1 एप्रिल 2024 ची सुरुवातीची बाकी, मग प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम, प्रत्येक जमेसमोर यूटीआर आणि टीडीएस वेगळ्या रकान्यात, असा वर्षाचा उतारा द्या. जॉबवर्क आहे, म्हणून चलन नंबरही घाला. त्यांच्या स्टोअरचा माणूस बिल नंबराने शोधत नाही, चलनाने शोधतो. सोबत न भरलेल्या बिलांची यादी जोडा. आणि त्यांचं लेजर एक्सेलमध्ये मागा, पीडीएफ नको.

ते आलं की आधी सुरुवातीची बाकी बघा. ती जुळली तर घोळ याच वर्षातला. नाही जुळली तर तेवढा फरक बाजूला काढून ठेवा, नाहीतर या वर्षाच्या नोंदींत तुम्ही तो शोधत बसाल आणि तो सापडणारच नाही. मग महिन्याच्या महिन्याला बाकी ताडून बघा. कुठल्या महिन्यापासून फाटलं ते कळलं की काम अर्धं झालं.

जमा_नावे
पत्राच्या शेवटी लिहून टाका: "15 दिवसांत उत्तर न आल्यास आमची बाकी आपणांस मान्य आहे असे समजू." आम्ही सगळ्यांना असंच पाठवतो. उत्तर नाही आलं की विषय संपला.

ऑडिटवाली
ते वाक्य लिहायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याने देणं कबूल केलं, असं होत नाही. लिमिटेशन कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मुदत नव्याने सुरू व्हायला देणेकऱ्याची सही असलेली लेखी कबुली लागते, आणि तीही मूळ 3 वर्षं संपायच्या आत. शिवाय इथे तर समोरच्याने वेगळा आकडा आधीच सांगितलाय. आपलं गृहीत तिथेच पडलं.

ताई, एक विचारते. टीडीएसची नोंद तुम्ही कधी करता, बिलाला की पेमेंट आल्यावर?

भोसरी_अकाउंट्स
पेमेंट ॲडव्हाइस आलं की. 26 एएसमध्ये डिसेंबरपर्यंतचं सगळं जुळतंय. चौथ्या तिमाहीचं अजून काहीच दिसत नाही.

ऑडिटवाली
दिसणार नाही. त्या तिमाहीच्या टीडीएस रिटर्नची मुदत 31 मे आहे. पण 194सी खाली रक्कम खात्यात जमा करताना किंवा देताना, जे आधी होईल तेव्हा कापायचं असतं. म्हणजे त्यांनी जानेवारी ते मार्चची बिलं चढवतानाच 2 टक्के तुमच्या नावे टाकले असणार. जीएसटी सोडून रक्कम घ्या आणि गुणून बघा. आणि मार्चअखेरचं एखादं बिल त्यांच्या गेटवर एप्रिलमध्ये पोचलंय का?

भोसरी_अकाउंट्स
त्या तीन महिन्यांची त्यांनी चढवलेली बिलं जीएसटी सोडून 2,55,000 ची. म्हणजे 5,100. आणि हो, 29 मार्चचं 47,040 चं बिल आहे. चलनाच्या प्रतीवर त्यांच्या गेटचा शिक्का 2 एप्रिलचा!

आत्ताच त्यांचं लेजरही आलं. डिसेंबरात एक डेबिट नोट आहे, 11,760 ची, "रिजेक्शन" एवढंच लिहिलंय. आमच्याकडे तिची प्रत नाही. राहिले 9,520, तो सुरुवातीच्या बाकीतला फरक.

खतावणी
छान, 73,420 पूर्ण बसले. यातले 47,040 वादाचे नाहीतच, ते एप्रिलमध्ये त्यांच्याकडे आपोआप चढतील. 5,100 तुम्ही मार्चमध्ये नोंदवा. डेबिट नोट मात्र लगेच मान्य करू नका. रिजेक्शन चलन आणि तपासणी अहवाल मागा, आणि त्यात मजुरी किती, कास्टिंगची किंमत किती ते वेगळं करून घ्या. जॉबवर्कमध्ये हे दोन्ही एकाच आकड्यात घुसवतात.

पत्र असं करा:

"आमच्या वहीप्रमाणे 31 मार्च 2025 रोजी आपल्याकडून येणे 3,84,620 रु. व आपल्या वहीप्रमाणे देणे 3,11,200 रु. आहे. फरकाचा तपशील सोबत जोडला आहे. 29 मार्चचे 47,040 रु. चे बिल आपल्याकडे 2 एप्रिलला पोचले. 5,100 रु. टीडीएसची नोंद आम्ही घेत आहोत. 11,760 रु. च्या डेबिट नोटची प्रत, रिजेक्शन चलन व रकमेची फोड पाठवावी. सुरुवातीच्या बाकीतील 9,520 रु. साठी आपले 2023-24 चे लेजर मिळावे. या दोन बाबी वगळून उरलेल्या रकमेस सही-शिक्क्यासह पुष्टी द्यावी."

शेवटचं वाक्य सोडू नका. वादाची रक्कम बाजूला ठेवून बाकीची कबुली मिळाली, तर अख्खं खातं अडकून पडत नाही.

भोसरी_अकाउंट्स
पत्र काल मेल केलं, आज उत्तर आलं. बिलाचं आणि टीडीएसचं त्यांना मान्य आहे, उरलेल्या रकमेवर सही करून देतो म्हणाले. डेबिट नोटची फोडही आली: 14 नग, नगाला मजुरी 140 आणि कास्टिंग 700. जीएसटी लावलेलाच नाही. चलनावर आमच्या ड्रायव्हरची सही आहे. मग आता सरळ 11,760 ची जर्नल एंट्री मारू का?

ऑडिटवाली
नको. मजुरीचे 1,960 मान्य असतील तर तुमच्याकडून जीएसटीसह क्रेडिट नोट काढा. त्यांच्या डेबिट नोटने तुमचा कर कमी होत नाही. 2024-25 च्या बिलांसाठी मुदत 30 नोव्हेंबर 2025 आहे, आणि त्यांना तेवढं क्रेडिट उलटवावं लागेल, हे कळवून ठेवा. कास्टिंगचे 9,800 ही तुमच्या सेवेची किंमत नाही, ती नुकसानीची वसुली आहे. ती या क्रेडिट नोटमध्ये घालू नका. आधी पीओमध्ये रिजेक्शनची अट काय आहे ते वाचा.

खतावणी
आणि ब्लोहोल असलेलं कास्टिंग असेल तर तो दोष तुमचा कसा? मशीनिंग केल्यावरच तो दिसतो. तपासणी अहवालात कारण काय लिहिलंय?

भोसरी_अकाउंट्स
अहवाल अजून आलेला नाही. त्यांच्या क्वालिटीला वेगळा मेल टाकते. 9,520 चं 2023-24 चं लेजरही त्यांनी दिलेलं नाही, "जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे" म्हणतात. आमचं मागचं लेजर काढून मीच त्यांना पाठवू का, की त्यांचं येईपर्यंत थांबू?

खतावणी
तुमचं पाठवा. पण त्याआधी तुमच्याच वहीत मार्च 2024 चं एखादं बिल नेमकं 9,520 चं आहे का, बघा.