मदत हवी आहे: वळणाच्या कलाच्या गणितात N किती धरायचा?

आडवाट
मुलीचं बारावीचं फिजिक्स घेताना मीच अडकलोय. उतारावर ठेवलेल्या ठोकळ्यासाठी N = mg cosθ शिकवलं. दोन पानांनंतर वळणावरच्या गाडीसाठी मात्र N cosθ = mg. उतार तोच, मग N वेगळा कसा? शिवाय घर्षण कधी वर, कधी खाली दाखवलंय. पोरगी विचारते आणि मी चहा करायला उठतो.

घाटकरी
आमच्या घाटातल्या एका वळणावर तर कल उलटा, दरीकडे आहे. पावसात बाईक बाहेरच सरकते. त्याचं गणित कोण करणार?

निमसरकारी
वजनदार गाडीला कमी वेग लागतो, ट्रक हळू जातो तो त्यामुळेच. N चं म्हणाल तर फरक किरकोळ, काहीही धरा.

मैलदगड
काहीही धरू नका. ठोकळा घसरतो उताराच्या रेषेत, उताराला काटकोनात त्याला त्वरण नसतं, म्हणून mg cosθ. गाडी उतारावरून खाली जात नाही, तिचं त्वरण आडवं, वळणाच्या केंद्राकडे. त्यातला थोडा भाग उताराला काटकोनात येतो, म्हणून रस्त्याला जास्त रेटावं लागतं.

घर्षणासाठी एक वळण घ्या: त्रिज्या 200 मीटर, कल 7 टक्के. घर्षण न लागता गाडी वळेल असा वेग `v² = rg tanθ` वरून येतो ताशी 42 किमी. वस्तुमान दोन्हीकडून कटतं, तेव्हा ट्रकलाही हाच वेग. ट्रक हळू जातो, कारण उंच भरलेला माल कलंडतो.

आता 60 ने गेलात तर गाडी बाहेर सरकू पाहते, घर्षण उताराच्या खालच्या बाजूला ओढतं. 20 ने गेलात तर ती आत घसरू पाहते, घर्षण वर धरतं. आधी 42 काढा, मगच बाण काढा.

आडवाट
बाणाचं कळलं! मग 60 च्या रस्त्याला कल वाढवून टाकत का नाहीत? घर्षण लागणारच नाही.

मैलदगड
त्याच वळणावर बैलगाडी आणि उसाची ट्रॉलीही जाते, थांबतेही. म्हणून इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात सपाट मुलखात कल 7 टक्क्यांवर थांबतो, उरलेलं घर्षणावर सोडतात. त्यासाठी गुणांक 0.15 धरतात, त्या हिशेबाने हे वळण 75 च्या जरा खालपर्यंत चालतं. कोरड्या रस्त्यावर टायर याच्या कितीतरी जास्त धरतो.

घाटकरी
आणि ओल्या रस्त्यावर, गुळगुळीत टायरने? माझं उलट्या कलाचं वळण राहिलंच.

मैलदगड
तिथे कल वजा धरा, म्हणजे सगळा भार एकट्या घर्षणावर. तुमच्या टायरचा गुणांक मात्र मी इथे बसून सांगू शकत नाही.

आडवाट
मुलीने विचारलंय, 20 ने जाताना N चं काय? तिथे घर्षणही थोडं वर उचलतं ना?