मदत हवी आहे: केकचा फोटो आलाय, सोबत एक अक्षर नाही. उत्तर काय देऊ? (लवकर!)

घाईगडबड
एकाच ओळीत सांगतो. केकचा फोटो आला आहे. वाढदिवसाचा. खाली काही लिहिलेलं नाही, प्रश्न नाही, इमोजीसुद्धा नाही. मी फोटो उघडून बसलोय, म्हणजे निळ्या टिक गेल्या. काहीतरी छान, हसतं उत्तर हवंय, पण कोणाचा वाढदिवस, कितवा, काहीच माहीत नाही. पटकन सुचवा.

सरळमार्गी
विचारून टाका ना. "कोणाचा वाढदिवस?" झालं. यात धागा काढण्यासारखं काय आहे?

अंगठेबहाद्दर
हृदयाची खूण दाबा आणि कामाला लागा. मी गेली कित्येक वर्षं सगळ्या वाढदिवसांना तेच करतो. अजून कोणी तक्रार केलेली नाही.

दोन_शब्द
कोणी पाठवलाय? मित्र, नातेवाईक, ऑफिस? ग्रुपवर आलाय की फक्त तुम्हाला? आणि फॉरवर्ड केल्याची खूण आहे का वर? हे सांगितल्याशिवाय उत्तर कसं देणार?

घाईगडबड
ग्रुप नाही, फक्त मला. फॉरवर्ड नाही. एक बाई आहेत, त्यांच्यासाठी मी भाषांतराचं काम करतो. दोनच महिन्यांची ओळख, तीही फोनवरची. याआधीचा शेवटचा मेसेज बिलाबद्दल होता. त्यामुळे नुसतं हृदय पाठवणं मला जमणार नाही हो अंगठेबहाद्दर.

अंगठेबहाद्दर
मग अंगठा पाठवा. बिलालाही चालतो, केकलाही चालतो.

मेणबत्तीमोजणी
केकवर मेणबत्त्या किती आहेत ते मोजा. त्यावरून वय कळतं. इतकं सोपं आहे.

घाईगडबड
आकड्याची एकच मेणबत्ती आहे, 7. वरच्या बाजूला "हॅपी बर्थडे" लिहिलंय आणि त्याखाली नाव असावं, पण त्यावर सुरी आडवी ठेवली आहे. शेवटचं "मी" तेवढं दिसतंय. कडेने गुलाबी क्रीमची फुलं. बाकी टेबल, दुसरं काही नाही.

मेणबत्तीमोजणी
मग सात वर्षांची मुलगी. "मी"ने संपणारं नाव. "छोट्या परीला सातव्या वाढदिवसाच्या गोड गोड शुभेच्छा" असं पाठवा. बाई खूश.

दोन_शब्द
थांबा, थांबा. पाठवू नका. फोटो जरा मोठा करून पाहा. 7 च्या डावीकडे क्रीममध्ये काही खूण आहे का? खळगा, भोक, क्रीम ओरबाडल्यासारखं?

घाईगडबड
अरेच्चा. आहे! एक बारीक भोक आहे आणि शेजारी क्रीम जरा वर आलीय. तुम्हाला कसं कळलं?

दोन_शब्द
कळलं नव्हतं, शंका होती. आकड्याच्या मेणबत्तीला खाली काडी असते. ती उपटली की भोक राहतं आणि कडेची क्रीम काडीबरोबर वर येते. म्हणजे 7 च्या आधी एक आकडा असू शकतो. ३७, ५७, ७७, काहीही. किंवा तिथे फुलबाजीसारखी मेणबत्ती किंवा नुसता शोभेचा तुरा असेल. आपल्याला माहीत नाही, आणि मुद्दा तोच आहे. नुसत्या 7 वर "छोटी परी" लिहिलंत आणि केक ७७ वर्षांच्या कोणा आजोबांचा निघाला, तर बाई हसतील, पण तुम्ही दोन महिने त्यांच्याशी बोलताना अवघडाल.

"मी"चंही तसंच. लाडकं नाव असू शकतं, आडनाव असू शकतं, किंवा "आमची लाडकी मामी"मधलं शेवटचं अक्षर. त्या एका अक्षरावरून मुलगी ठरवू नका.

मेणबत्तीमोजणी
मान्य, भोकाचं माझ्या लक्षात आलं नाही. पण साध्या मेणबत्त्या असत्या तर मोजता आल्याच असत्या की.

दोन_शब्द
त्याही फसवतात. पाकिटात होत्या तेवढ्या लावल्या, किंवा पन्नाशीच्या माणसाला नको म्हणून पाचच लावल्या. आणि आकड्याच्या मेणबत्तीत 6 आणि 9 हा वेगळा घोळ, उलटी खोचली की संपलं.

लोण्याचा_गोळा
क्रीमची फुलं म्हणालात ती उभी आहेत का? माझी फुलं दर वेळी अर्ध्या तासात खाली बसतात. फेटून फेटून हात दुखतात. कोणाला कारण माहीत आहे का?

सरळमार्गी
इथे वेगळाच विषय चाललाय हो.

आजीचा_नातू
लोण्याचा_गोळा, केक पूर्ण गार झाल्याशिवाय फुलं काढू नका. केक कोमट असला की खालून क्रीम सैल पडते. आणि फेटलेल्या क्रीमपेक्षा लोणी-साखरेच्या क्रीमची फुलं जास्त वेळ उभी राहतात.
मूळ प्रश्नावर: आमच्या आजीच्या ९६व्या वाढदिवसाला कोणीतरी "जीवेत शरदः शतम्" लिहिलं होतं. आजीने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "म्हणजे चारच राहिली की रे." त्यामुळे शंभराचा आशीर्वाद जपून.

दोन_शब्द
हे फार छान उदाहरण दिलंत. मराठीत वय अशाच जागी हळूच घुसतं, आपल्या लक्षातही येत नाही. "शतायुषी व्हा" म्हटलं की समोरचा शंभरीपासून लांब आहे असं धरलं. "औक्षवंत हो" म्हटलं की तो आपल्यापेक्षा लहान. "चिरंजीव" लिहिलं की मुलगा. "बच्चेकंपनी" तर उघडच आहे. याउलट नुसतं "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" यात वय नाही, स्त्री-पुरुष नाही, नाव नाही. ते कोरडं वाटतं हे खरं, पण ऊब दुसरीकडून आणता येते.

घाईगडबड
दुसरीकडून म्हणजे कुठून? पाऊण तास झाला हो फोटो येऊन.

दोन_शब्द
फोटोतून. जे दिसतंय त्याचंच कौतुक करायचं. सुरीखाली काय दडलंय त्याला हात लावायचा नाही. असं लिहा:

"अरे वा, वाढदिवसाचा केक! कडेची गुलाबी फुलं काय सुरेख जमली आहेत. उत्सवमूर्तींना मनापासून शुभेच्छा, आजचा दिवस मजेत जाऊ दे!"

"वाढदिवसाचा" म्हणायला हरकत नाही, कारण केकवर तसं लिहिलंच आहे. "जमली आहेत" म्हटल्याने केक कोणी केला हे ठरवावं लागत नाही. बाईंनी स्वतः केला असेल तर दाद त्यांना मिळाली, विकत आणला असेल तरी काही बिघडलं नाही. आणि "उत्सवमूर्तींना" हे सात वर्षांच्या मुलीलाही चालतं, सत्तरीच्या गृहस्थांनाही. वाढदिवस खुद्द त्या बाईंचाच असेल, तरी ते गमतीने घेतलं जाईल.

सरळमार्गी
उत्सवमूर्ती? निमंत्रणपत्रिका वाटते हो. "ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना" असं साधं लिहा. आणि मला अजूनही कळत नाही, विचारायला काय होतं?

दोन_शब्द
"ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना" हेही चालेल, "त्यांना"मध्ये बाई-पुरुष दोन्ही बसतात. फक्त एकेरी "ज्याचा" किंवा "जिचा" नको, तिथे लगेच निवड करावी लागते.
विचारण्याबद्दल: जवळच्या मैत्रिणीला मीही सरळ विचारीन. पण इथे वाढदिवस त्या बाईंचाच असला तर "कोणाचा?" या प्रश्नावर त्यांना "माझाच" म्हणावं लागेल, ते दोघांनाही अवघड. शुभेच्छा दिल्या की सांगायचं असेल तर त्या आपणहून सांगतील.

सरळमार्गी
मला कोणी विचारलं तर मला आवडतं. आपुलकी वाटते. तुमचं म्हणणं पटलेलं नाही, पण असो.

तटस्थ_वाचक
"तुम्हाला व घरच्यांना शुभेच्छा" असं का नाही? सगळेच त्यात आले.

दोन_शब्द
घरचे आहेत, एकत्र आहेत, वाढदिवस घरातलाच आहे, अशी तीन गृहीतकं त्यात आली. ऑफिसातल्या सहकाऱ्याचा केक असेल तर?

संध्याछाया
एक वेगळं सांगते. माझ्या बहिणीला जाऊन तीन वर्षं झाली, पण तिच्या वाढदिवसाला आम्ही केक आणतो. मी फोटो पाठवला होता, खाली काही लिहिलं नव्हतं, लिहवलं नाही. उत्तरात फुगे आणि "पार्टी कधी?" आलं. पाठवणाऱ्याची चूक नव्हती, तरी तो फोन मी बराच वेळ उलटा ठेवला होता.

आजीचा_नातू
हं. हे सुचलं नव्हतं.

दोन_शब्द
हे फोटोवरून ओळखायला काहीच मार्ग नाही संध्याछाया, आणि मी तसा आव आणणार नाही. फुग्यांचा आणि "पार्टी" या शब्दाचा मोह टाळावा, एवढं मात्र तुमच्यामुळे पटलं. घाईगडबड, "आजचा दिवस मजेत जाऊ दे" याऐवजी "आजचा दिवस छान जावो" करा. हसरा सूर राहतो आणि जरा मऊ होतो.

अंगठेबहाद्दर
एवढं घोळवण्यापेक्षा काहीही पाठवा. चुकलं तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं व्हॉट्सॲपवर.

मेणबत्तीमोजणी
एडिट केलं की तशी खूण दिसते. शिवाय पहिला मेसेज नोटिफिकेशनमध्ये वाचलेला असला तर काय उपयोग?

घाईगडबड
पाठवला. "उत्सवमूर्तीं"च्या जागी "ज्यांचा वाढदिवस आहे त्यांना", सरळमार्गींचं तेवढं घेतलं. फुलांचं वाक्य तसंच ठेवलं. शेवटी "छान जावो".

घाईगडबड
उत्तर आलं. जसंच्या तसं देतो:
"धन्यवाद! सांगते त्यांना. फुलं मी काढलीत, पहिल्यांदाच! बरं, ती उरलेली फाईल पाठवलीत का?"

मेणबत्तीमोजणी
"त्यांना" म्हणजे मोठं माणूस! ७७ असणार. किंवा ६७.

दोन_शब्द
तुम्ही "त्यांना" लिहिलं म्हणून त्यांनीही तोच शब्द उचलला असेल. यावरून काही ठरत नाही.

सरळमार्गी
विचारलं असतं तर आत्तापर्यंत कळलं असतं.

लोण्याचा_गोळा
पहिल्यांदाच काढली आणि उभी राहिली? घाईगडबड, कोणती क्रीम होती ते विचारा ना त्यांना, प्लीज.

घाईगडबड
आधी फाईल पाठवतो.