मदत हवी आहे: २९ फेब्रुवारीचं वार्षिक बिल निघालंच नाही, क्रॉन गप्प, डेटाबेस २८ म्हणतोय, पोर्टल १ मार्च म्हणतंय

गोदामवाला_लातूर
नमस्कार मंडळी, डोकं चालायचं बंद झालंय म्हणून इथं टाकायलोय. लातूरला दोन गोदामांचं सॉफ्टवेअर मी बघतो. सोयाबीन, तूर ठेवतात, आडतवाले न् शेतकरी दोघंबी आहेत, भाड्याचा करार वर्षाचा असतो. करार ज्या तारखेला झाला त्या तारखेला दरवर्षी पुढच्या वर्षाचं बिल आपोआप निघतं. हे मी लिहिलेलं नाही, आधीचा पोरगा लिहून पुण्याला गेला, त्यानं प्रत्येक कराराला क्रॉनमधे एक ओळ टाकून ठेवलीय. असं:

```
0 6 29 2 * /opt/godam/bill.sh 117
```

आता ११७ नंबरचा करार झाला २९ फेब्रुवारी २०२४ ला. गेल्या वर्षी बिल निघालं नव्हतं म्हणे, मुनीमजींनी हातानं काढलं न् कोणाला बोललेच नाहीत. यंदा मी वाट बघत बसलो, २८ फेब्रुवारी गेली, १ मार्च गेली, लॉगमधे एक ओळ नाही, एरर पण नाही. बरं डेटाबेस पोस्टग्रेस आहे, त्यात पुढील बिलाची तारीख २८-०२-२०२६ दिसते, आणि पार्टी जे पोर्टल बघते ते पीएचपीत आहे त्यात १ मार्च २०२६ दिसते. एकाच कराराच्या तीन जागी तीन तऱ्हा. पार्टी म्हणते बिलच आलं नाही तर भाडं कशाचं द्यायचं. चूक नेमकी कुठंय?

परभणीकर_गुरुजी
लीप म्हणजे अधिक महिन्याचा विषय आहे का? यंदा अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा वर्ष तेरा महिन्यांचं धरून भाडं घ्यायचं का नाही हे आधी करारात बघा.

गोदामवाला_लातूर
नाही हो गुरुजी, इंग्रजी तारखेचा घोळ आहे, फेब्रुवारी २९ चा.

जावा_जालना
सोप्पंय भाऊ. क्रॉनला महिन्याचा शेवटचा दिवस सांगायचा, २९ च्या जागी `L` टाक. आमच्या हापिसात सगळे वार्षिक जॉब असेच आहेत, लीप असो नसो, फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी चालतात. पाच मिनिटाचं काम.

गोदामवाला_लातूर
टाकलं दादा. क्रॉनटॅब सेव्हच होत नाही, `bad day-of-month` म्हणतंय.

रात्रपाळी_संभाजीनगर
जालनेकर, तुमचं क्वार्ट्झ असणार, जावातलं. त्यात `L` चालतो. लिनक्सच्या साध्या क्रॉनला तो कळत नाही, दिसायला दोन्ही सारखेच म्हणून लोक फसतात. सिस्टमडीच्या टायमरमधे पण सोय आहे पण तिथं `L` नाही, तिथं `*-02~01` असं लिहितात, म्हणजे फेब्रुवारी शेवटाकडून पहिला दिवस. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधे महिना फेब्रुवारी निवडून दिवसांच्या यादीत शेवटी "Last" असतं.

गोदामवाले, तुमचा क्रॉन बिघडलेला नाहीये, त्यानं सांगितलेलं तेच केलं. क्रॉन वर्ष मोजत नाही हो. दर मिनिटाला उठतो, आजची तारीख २९ आहे का, महिना २ आहे का, एवढंच बघतो, जुळलं तर चालवतो नाहीतर झोपतो. २०२५ मधे आणि २०२६ मधे ती तारीख आलीच नाही, म्हणून चुकलेलं काहीच नाही, आणि चुकलेलं नाही म्हणून एररही नाही. दरवर्षी करायचं काम चार वर्षातून एकदा करा असं त्या ओळीत लिहिलंय. तुमच्याकडं सिस्टमडी असेल तर हे चालवून बघा, काही बदलणार नाही, नुसतं दाखवतं:

```
systemd-analyze calendar --iterations=3 '*-02-29 06:00'
```

२०२८, २०३२, २०३६ येतील.

गोदामवाला_लातूर
आली ताई, हीच तीन वर्षं आली. मग डेटाबेस २८ का म्हणतो अन् पीएचपी १ मार्च का म्हणतं? दोन्हीत एक वर्ष मिळवा एवढंच लिहिलेलं आहे, मी कोड उघडून बघितला.

रात्रपाळी_संभाजीनगर
एक वर्ष मिळवलं की २९ फेब्रुवारी २०२५ येते, अशी तारीख नाही, मग काहीतरी करावं लागतं. पोस्टग्रेस मागं सरकतं, महिना सोडायचा नाही म्हणून २८. मायएसक्यूएल पण तसंच. पीएचपी एक दिवस पुढं ढकलतं, १ मार्च. जावास्क्रिप्ट आणि एसक्यूलाइट पण पुढंच. पायथॉनमधे नुसतं वर्ष बदलायला गेलात तर सरळ एररच देतो, मला विचाराल तर तोच सगळ्यात प्रामाणिक. यात बरोबर-चूक कोणी नाही, ज्याची त्याची रीत. घोळ असा की तुमच्याकडं दोन रीती एकाच कराराला लागल्यात.

आता मला सांगा, बिल काढल्यावर डेटाबेसमधली पुढची तारीख कशी बदलते? मूळ कराराच्या तारखेवरून, का मागच्या बिलाच्या तारखेत वर्ष मिळवून?

गोदामवाला_लातूर
मागच्या बिलाच्या तारखेत मिळवून. मुनीमजींनी हातानं काढलं तेव्हा पण तीच क्वेरी चालली.

रात्रपाळी_संभाजीनगर
मग अजून एक खड्डा आहे, तो २०२८ ला दिसेल. २९ ची एकदा २८ झाली की पुढं २८ च्या २८ च होत राहते. २०२८ ला २९ तारीख असूनही तुमचं बिल २८ लाच निघेल, कारण मूळ २९ होती हे त्या कॉलमला आठवतच नाही. मूळ तारीख जपून तिच्यात हव्या तितक्या वर्षांची भर टाकली की असं होत नाही:

```
SELECT n, (DATE '2024-02-29' + n * INTERVAL '1 year')::date
FROM generate_series(1,4) n;
```

गोदामवाला_लातूर
२८, २८, २८ आणि चौथी २०२८-०२-२९. आयला, बरोबर आली.

नांदेडची_आई
मधेच बोलते, माफ करा. माझी लेक २९ फेब्रुवारी २०२० ची, मोबाईलच्या कॅलेंडरमधे दरवर्षी म्हणून वाढदिवस टाकला होता तर नुसता २०२४ लाच दिसला, आजी म्हणाली मोबाईललाच नातीचा वाढदिवस नको झालाय. हे पण त्यातलंच का?

रात्रपाळी_संभाजीनगर
त्यातलंच ताई. कॅलेंडरचं जे ठरलेलं प्रमाण आहे, आरएफसी ५५४५, त्यात स्पष्ट लिहिलंय की नियमातून अस्तित्वात नसलेली तारीख आली तर ती सोडून द्यायची. नंतर आरएफसी ७५२९ मधे मागं सरकवा का पुढं सरकवा हे सांगायची सोय काढली पण ती सगळ्या अ‍ॅपमधे सापडत नाही. तुम्ही २८ ची वेगळी नोंद करून ठेवा, किंवा १ मार्चची, घरात ठरेल ती.

नांदेडची_आई
घरात ठरत नाही हेच तर दुखणं आहे. हे २८ म्हणतात, सासूबाई १ मार्च. दोन्ही दिवशी केक होतो.

रात्रपाळी_संभाजीनगर
गोदामवाले, तुम्हाला मात्र एकच दिवस ठरवावा लागेल. आणि प्रत्येक कराराला क्रॉनची ओळ हे काढून टाका आता. रोज सकाळी सहाला एकच जॉब चालू द्या, तो डेटाबेसला विचारेल की पुढील बिलाची तारीख आज किंवा आजच्या आधीची कोणाची आहे. "आजच्या आधीची" हे विसरू नका, बरोबर आजची तारीख शोधाल तर लाइट गेली त्या दिवसाचं बिल कायमचं राहील.

```
0 6 * * * /opt/godam/roj.sh
```

करार नंबर आणि वर्ष मिळून युनिक करून ठेवा, म्हणजे जॉब दोनदा चालला तरी बिल दोनदा निघणार नाही.

गोदामवाला_लातूर
मालकाला विचारलं. ते म्हणले करार २९ ला सुरू झाला तर वर्ष २८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री संपतं, मग नवीन वर्षाचं बिल १ मार्चचं पाहिजे, २८ ला काढलं तर पार्टी म्हणेल अजून एक दिवस माझाच आहे. मग मी असं केलं, मूळ तारखेतून एक दिवस काढला, वर्षं मिळवली, परत एक दिवस घातला. २०२५ ला १ मार्च आली, २०२८ ला २९ फेब्रुवारी आली. एकदम झकास. सगळ्या करारांना लावून टाकलं.

जावा_जालना
थांब थांब, सगळ्यांना लावू नको. १ मार्च २०२५ चा एखादा करार असेल तो बघ आधी.

गोदामवाला_लातूर
आहे एक, १३२ नंबर. अरे देवा. त्याचं २०२८ चं बिल २९ फेब्रुवारीला दाखवायलंय.

जावा_जालना
तेच ना. एक दिवस काढला की तो २८ फेब्रुवारी होतो, २०२८ मधे २८ नंतर २९ येते, मग एक घातला की २९. तो माणूस साधा १ मार्चवाला, त्याला कशाला ओढतोस. मूळ तारीख २९ फेब्रुवारी असेल तरच तुझी युक्ती, बाकी सगळ्यांना साधं वर्ष मिळव. `L` वर आपटलो, हे तरी बरोबर पकडलं.

रात्रपाळी_संभाजीनगर
बरोबर आहे तुमचं. मी पण हे बघितलं नसतं कदाचित. आणि गोदामवाले, पोर्टलवर पीएचपीला तारीख काढायला लावूच नका, डेटाबेसमधली आहे तीच दाखवा. तारीख एकाच जागी ठरू द्या.

गोदामवाला_लातूर
केलं. २९ फेब्रुवारीचे तीनच करार निघाले, ११७, ११८ आन् १२१, त्यांनाच लावलं. क्रॉनच्या एकशे चाळीस ओळी उडवल्या, एक ठेवली. सकाळी तिन्ही बिलं निघाली, तारीख १ मार्चची टाकली.

एक शंका राहिली. चौथं वर्ष १ मार्च २०२७ ला सुरू होतंय आणि पुढचं बिल २९ फेब्रुवारी २०२८ ला. म्हणजे चौथं वर्ष २८ ला संपलं. पण पार्टी म्हणते तोवर मला १ मार्चलाच बिल येत राहणार तर २९ तारीख पण जुन्याच वर्षात धरा, नाहीतर एक दिवस आधी भाडं का द्यायचं. दिवसाचं भाडं कट्ट्यामागं मोजलं तर रक्कम फार नाही, पण माणूस हट्टाला पेटलाय.

रात्रपाळी_संभाजीनगर
मूळ तारखेवरून मोजलं तर मालकाचं खरं, मागच्या बिलावरून मोजलं तर पार्टीचं. कोडमधे दोन्ही लिहिता येतं. करारात काय लिहिलंय?

गोदामवाला_लातूर
"एक वर्ष मुदतीकरिता" एवढंच.

परभणीकर_गुरुजी
मी म्हणलं नव्हतं का, आधी करार बघा.