मदत हवी आहे: लाकडी माडीवरची पावलं डबा बडवल्यासारखी येतात

ॲनिमेशनमध्ये आजी वाड्याच्या लाकडी माडीवर अनवाणी चालते. घरी फरशीवर 18 मिमी प्लायचा तुकडा टाकून, कंडेन्सर माइक तीन फुटांवर ठेवून पावलं रेकॉर्ड केली. पंखा, फ्रिज बंद होते. माइकमागे दोरीवर गोधड्या होत्या. लुगड्याची सळसळ आणि दाराची कडी वेगळ्या ट्रॅकवर छान आली, पावलं मात्र पोकळ घुमतात. प्लायखाली चटई घातली की घुमणं जातं, पण लाकूडपणही जातं! 150 हर्ट्झखालचं कापूनही फरक नाही, म्हणजे घुमणं त्याच्या वरचं असावं. घर भाड्याचं, त्यामुळे खिळे ठोकता येत नाहीत. प्लायखाली फक्त कडांना आधार द्यावा की मध्येही? आणि कशाचा?