सल्ला हवा: कागदपत्रांवर आणि संवादांवर चालणारी हेरकथा (बजेट ५०० रुपये)

अबोल_वाचक
नमस्कार मंडळी. मला अशी हेरकथा हवी आहे जिच्यात पाठलाग, स्फोट, छतांवरून उड्या नाहीत. माणसं खोलीत बसून बोलतायत, कुणीतरी जुनी फाईल मागवतंय, कुणाच्या तरी खुलाशातली तारीख जुळत नाही, असं काहीतरी. 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'चा २०११चा सिनेमा पाहिलाय. घरचा भेदी कोण हे माहीत आहे, तरी मध्ये बरंच डोक्यावरून गेलं. पण स्मायलीचा मदतनीस गिलम अभिलेख विभागातून नोंदवही पळवतो तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. तसंच आणखी हवंय.
मी एका सहकारी बँकेत अंतर्गत लेखापरीक्षणाचं काम करते, त्यामुळे कदाचित ही आवड. एकच पुस्तक, ५०० रुपयांच्या आत, इंग्रजी चालेल. नवं ओटीटी घ्यायचं नाही. नाशिकला राहते.

कोथरूडचा_राजा
एकच काय घेता! टिंकर टेलरच्या लेखकाचा, म्हणजे जॉन ल कॅरेचा, अख्खा संच घ्या. मी बाहेरून मागवला होता, पुठ्ठा बांधणी, साडेसहा हजार पडले. आजही कपाटात नव्यासारखा आहे. स्वस्त आवृत्तीचा टाईप इतका बारीक असतो की डोळे जातात.

रेवदंडा_रायडर
हेरकथा म्हणजे बोर्नचे सिनेमे. पहिले तीन भाग एका रात्रीत बघा. त्यातही फायली आहेत, सीआयएच्या. पाठलाग थोडा आहे पण कथा जबरदस्त.

अबोल_वाचक
@रेवदंडा_रायडर, पाठलाग नकोच आहे हो.
@कोथरूडचा_राजा, बजेट ५०० आहे.

विहीर
सिनेमा पाहिलाय ना, मग पुस्तक कशाला? सिनेमा पुस्तकापेक्षा सरस आहे. आणि लेखक टिंकर टेलर लिहिताना स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरीला होता, म्हणून त्यात सगळं खरं उतरलंय.

जुना_कारकून
@विहीर, थोडी गल्लत होतेय. नोकरीत असताना लिहिलं ते 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड', १९६३चं. तेव्हा ल कॅरे एमआय-सिक्समध्ये होते, पश्चिम जर्मनीत बॉनला. १९६४ साली त्यांनी नोकरी सोडली. टिंकर टेलर १९७४चं. पण आत वावरलेल्या माणसाचं लेखन आहे हा तुमचा मुद्दा बरोबर आहे.

@अबोल_वाचक ताई, तुम्हाला नोंदवहीचा प्रसंग का आवडला ते मी सांगू शकेन असं वाटतं. माझी सगळी नोकरी मुंबईत सरकारी अभिलेख कक्षात गेली. आमच्याकडे आवक-जावक नोंदवही बांधीव असायची आणि पानांवर छापील क्रमांक. पहिल्या पानावर साहेबांचा दाखला, की हिच्यात अमुक इतकी पानं आहेत. कारण एकच. सुटा कागद गहाळ झाला तर तो कधी होता हेच सिद्ध करता येत नाही. बांधीव वहीतलं पान कापलं तर शिवणीत कापल्याची कड राहते आणि क्रमांक तुटतो. सिनेमात तेच घडतं. रिकी टार नावाचा हेर सांगतो की मी परदेशातून तार केली होती. त्या रात्रीची पानं वहीत नाहीत. तार आली होती याचा पुरावा उरला नाही, पण ती आली हे कुणाला तरी सलत होतं याचा पुरावा मिळाला. आणि वहीपर्यंत हात पोचणारी माणसं मोजकीच. तिथून फितुराच्या मागावर असलेला स्मायली पुढे सरकतो.

त्यामुळे माझा सल्ला १९६३चंच पुस्तक. लहान आहे, बजेटमध्ये बसेल. आणि त्यातला बँकेच्या पत्रांचा भाग तर तुमच्याच खात्याचा. लीमस नावाचा ब्रिटिश हेर फुटल्याचं सोंग करून पूर्व जर्मनांना माहिती विकतो. तो सांगतो, मला खोट्या नावाच्या पारपत्रावर कोपनहेगन आणि हेलसिंकीला पाठवलं, तिथल्या बँकांत मी संयुक्त खाती उघडली. दुसरी सही कुणाची ते मला ठाऊक नाही. पूर्व जर्मनीचा चौकशी अधिकारी फिडलर त्याच्याकडून त्या खोट्या नावाने बँकांना पत्रं लिहून घेतो, खात्याची स्थिती कळवा म्हणून. कोपनहेगनहून उत्तर येतं, की पैसे भरल्यावर आठवड्याने दुसऱ्या सहीदाराने रक्कम काढली. फिडलर ती तारीख आपल्याच एका बड्या अधिकाऱ्याच्या सरकारी दौऱ्यांशी ताडून बघतो. दौरा आणि तारीख जुळतात. झालं, एका माणसाच्या गळ्यात फास. कुणी कुणाचा पाठलाग केला नाही. पुढचं सांगत नाही.

शिकागोकर_माधवी
अहो कारकून काका, बरंच सांगितलंत की! ज्यांनी वाचलं नाही त्यांचं काय?

जुना_कारकून
माधवीताई, हा अर्ध्या वाटेवरचा भाग आहे. खरा पेच याच्यानंतर बसतो. एवढं माहीत असूनही शेवट कळत नाही, म्हणून तर सांगितलं.

शिकागोकर_माधवी
बरं. माझं मत सिनेमा सोडा आणि टिंकर टेलरची बीबीसीची १९७९ची मालिका बघा, सात भाग, स्मायलीच्या भूमिकेत अॅलेक गिनेस. सुरुवातच बघा. एका खोलीत बैठकीसाठी चार माणसं एकेक करून येतात. कुणी काही बोलत नाही. एकजण फायली नीट मांडतो, एकाच्या हातात पाईप, शेवटचा चहाचा कप घेऊन येतो, कपावर बशी ठेवलेली. मग एक वाक्य, की चला सुरू करू. आणि श्रेयनामावली. या चौघांतलाच एक फितूर आहे, आणि त्यांच्या बसण्या-उठण्यातून त्यांचे स्वभाव तुम्हाला आधीच दाखवलेले असतात.

आणि 'द सँडबॅगर्स' कुणीच कसं सुचवलं नाही? यॉर्कशर टेलिव्हिजन, १९७८ ते ८०, वीस भाग. बर्नसाइड नावाचा हेरखात्यातला प्रमुख दिवसभर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत परवानग्या मागत फिरतो. लेखक इयन मॅकिंटॉश १९७९मध्ये अलास्काजवळ छोट्या विमानासकट बेपत्ता झाला, तो सापडलाच नाही.
एकच सांगते, डीव्हीडी भारतात पाठवू नका. मी इथून भावासाठी पाठवली, त्याच्या प्लेअरवर दुसऱ्या विभागाची म्हणून लागेचना. विकणाऱ्याने पैसेही परत केले नाहीत.

रेवदंडा_रायडर
डीव्हीडी प्लेअर अजून आहे का कुणाकडे? आमच्याकडचा भंगारात गेला.

कोथरूडचा_राजा
माझ्याकडे आहे. कुठल्याही विभागाची चकती चालते, घेतानाच बघून घेतला होता.

टिळक_रोड
सगळे विलायतेत रमलेत. आपल्याकडचं वाचा की. अमर भूषण यांचं 'एस्केप टू नोव्हेअर', २०१२चं. लेखक स्वतः रॉमध्ये वरिष्ठ अधिकारी होते. २००४मध्ये रॉचा एक अधिकारी पाळत असतानाही नेपाळमार्गे निसटून अमेरिकेत गेला, त्या प्रकरणावर बेतलेली कादंबरी आहे. संशय येतो तोच कागदावरून. माणूस आपल्या कामाशी संबंध नसलेल्या कागदांच्या फोटोकॉप्या काढतोय. मग महिनोन्‌महिने पाळत आणि बैठका. आणि प्रत्येक बैठकीत तोच वाद, की आत्ता धरायचा की आणखी पुरावा येईपर्यंत थांबायचं? धरला तर न्यायालयात टिकेल असं हातात काही नाही. नाही धरला तर तो जाणार.

विहीर
म्हणजे 'खुफिया'. तो पाहिलाय मी. पुस्तक तेच असणार.

टिळक_रोड
नाही हो. विशाल भारद्वाजांनी त्यावरून बरंच वेगळं रचलंय, नात्यांची गोष्ट वाढवलीय. तब्बू उत्तम आहे, पण कार्यालयातली ती कोंडी पुस्तकातच नीट भेटते. भाषा मात्र कोरडी आहे, अहवाल वाचल्यासारखी. मला तीच आवडली.

विहीर
कोरडी भाषा असेल तर कादंबरी कशाला, वर्तमानपत्रच वाचावं.

जुना_कारकून
@टिळक_रोड यांना अनुमोदन. अबोलताईंना अहवाल वाचायची सवय असणारच. माझ्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर.

अबोल_वाचक
सगळ्यांचे आभार. काकांची पोस्ट वाचून पुस्तकांच्या दुकानात गेले, पण १९६३चं पुस्तक तिथे नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या विभागात 'द ऑनरेबल स्कूलबॉय' दिसलं, १८० रुपये, पानं पिवळी पण बांधणी पक्की. टिंकर टेलरच्या पुढचा भाग ना? घेऊ का?

कोथरूडचा_राजा
नका घेऊ. मधलाच भाग घेऊन काय करणार? संचच घ्या.

शिकागोकर_माधवी
मुळीच नको. तीन भागांत सगळ्यात जाडं तेच, आणि निम्मं पुस्तक जेरी वेस्टर्बी नावाचा हेर कंबोडिया-लाओसमधून हिंडतोय. बीबीसीनेसुद्धा ते वगळलं आणि सरळ तिसऱ्या भागावर मालिका केली. तुम्ही म्हणालात पाठलाग नको.

टिळक_रोड
+१, आधी छोटं वाचा.

जुना_कारकून
माझंही मत थांबा असंच. पण त्यात एक गोष्ट आहे ती सांगितली नाही तर अन्याय होईल. फितूर पकडल्यावर खातं मोडकळीला आलंय, बाहेरची कार्यालयं बंद करावी लागलीत. स्मायली आणि त्याची जुनी सहकारी कॉनी सॅक्स जुन्या फायली उपसत बसतात. फितुराने मॉस्कोला काय दिलं हा प्रश्न ते बाजूला ठेवतात. त्याने आपल्याकडे काय दाबलं, हा त्यांचा प्रश्न. ज्या चौकशीला चांगला धागा होता आणि तरी ती कारण न देता बंद झाली, ती शोधायची. कारण ती बंद करण्यात मॉस्कोचं हित असणार. असा त्यांना लाओसमधल्या व्हिएन्तियानचा एक जुना माग सापडतो. मॉस्कोचा पैसा तिथून एका हवाई वाहतूक कंपनीमार्फत हाँगकाँगला जात होता, आणि माग काढणाऱ्या अधिकाऱ्याला वरून हुकूम आला होता की सोडून दे. हाँगकाँगच्या खात्यात पाच लाख डॉलर पडून. पुढची अख्खी कादंबरी त्या खात्यातून निघते.

अबोल_वाचक
काका, मग मी हेच घेते. लेखापरीक्षणात आम्ही नेमकं हेच करतो. आक्षेप नोंदवला, पुढच्या अहवालात तो पूर्तता न होताच गायब झाला, तर तो कुणी वगळला हे आधी बघायचं. फितूर कोण हे सिनेमामुळे माहीतच आहे, त्यामुळे रहस्य फुटायचा प्रश्न नाही. कंबोडियाची पानं भरभर वाचेन. माधवीताई, रागावू नका.

शिकागोकर_माधवी
रागावत नाही, पण मी सांगितलं होतं हे लक्षात ठेवा.

विहीर
सिनेमा आहे का त्याचा?

जुना_कारकून
@अबोल_वाचक, घेताय तर एवढं करा. पहिलं प्रकरण हाँगकाँगच्या पत्रकारांच्या क्लबमधलं आहे, एकदम खूप नावं येतात, त्यांत अडकून पुस्तक मिटू नका. तिथली ब्रिटिश हेरांची इमारत रिकामी झाली, एवढं कळलं तरी पुरे. कथा लंडनला गेली की फायली सुरू होतात. तिथून पुढे पेन्सिल जवळ ठेवा आणि कुठली फाईल कुणी बंद केली ते समासात लिहीत जा.